सैल भरलेली रेती

वाशीमजवळच्या मालेगावात शिरपूर रस्त्याला दोन शटरचं एक दुकान आहे. एका शटरच्या आत माती वाळवायची भट्टी, चाळण्या, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र आणि जमिनीला बोल्टांनी घट्ट आवळलेलं एक थरथरणारं टेबल. दुसऱ्या शटरच्या आत ज्योत्स्ना बसते, आणि बहुतेक वेळा चिडलेली असते.

माती, रेती, गिट्टी, काँक्रीट तपासून द्यायचं तिचं काम. तालुक्यात बांधकामं खूप, पण तपासणी म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे बिलाला जोडायची एक वस्तू, असा बहुतेकांचा समज. ‘मॅडम, रिपोर्ट पाहिजे होता’ म्हणत कोणी रिकाम्या हाताने आला, की ती विचारायची, ‘आणि रेती?’ तो म्हणायचा, ‘रेती तर वापरून टाकली.’ मग जे बोलणं व्हायचं ते शेजारच्या कृषी केंद्रात बसलेल्यांनाही नीट ऐकू जायचं.

घर भाजीवाल्यांचं. गावाला लागून दीड एकर बागायत, त्यात वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई सोजरबाई रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात जायची, अजूनही जाते. बोलायला आईही काही मऊ नाही, पण तिचा राग गिऱ्हाइकापुरता. ज्योत्स्नाचा राग घरात मावायचा नाही. कॉलेजात गेल्यावर त्याला एक ठिकाण मिळालं.

झालं असं. प्रयोगशाळेत रेतीचा घर्षणकोन काढायचा प्रयोग होता. दोन तुकड्यांची पितळी पेटी असते. तिच्यात रेती भरायची, झाकण घालून त्यावर वजन ठेवायचं आणि वरचा अर्धा भाग खालच्यावरून सरकवायचा. सरकायला किती जोर लागतो त्यावरून कोन निघतो. कोन मोठा म्हणजे रेती स्वतःच्या पायावर जास्त उभी राहते. ज्योत्स्नाने रेती वरून नुसती सोडली, पेटी भरली, सरकवली. तीस अंश आले. सर म्हणाले, ‘चुकलं. रेतीचा कोन पस्तीस असतो. सगळ्यांचा पस्तीस आलाय.’ सगळ्यांचा पस्तीस आला होता, कारण सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या मुलांचा उतरवला होता.

तिने तीच रेती पुन्हा घेतली, थोडी थोडी टाकून लाकडी दांड्याने ठोकून ठोकून भरली, पुन्हा सरकवली. अडतीस आले. सरकताना पेटीचं झाकण केसभर वर उचललं गेलं तेही तिने पाहिलं. सैल रेतीच्या वेळी ते खाली बसलं होतं.

‘सर, रेती तीच आहे आणि कोन दोन आहेत.’

‘म्हणजे दोन्ही चुकले,’ सर म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

त्या रात्री ती जेवली नाही. तिला गुणांचं काही वाटलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एका शब्दात उडवून लावता येते याची तिला चीड आली होती. तिने पुस्तकं उघडली तेव्हा त्यात सगळं लिहिलेलंच होतं. सैल रेतीत दाण्यांच्या मध्ये पोकळ्या असतात. ढकललं की दाणे त्या पोकळ्यांत घसरून बसतात, फारसा विरोध करत नाहीत. दाट रेतीत दाणे एकमेकांच्या खाचांत रुतलेले असतात. सरकायचं तर शेजाऱ्याच्या अंगावरून चढून जावं लागतं, म्हणून झाकण वर उचलतं, म्हणून जोर जास्त लागतो. पुस्तकात होतं, सरांनी ते वाचलंही असेल. तरी ते ‘चुकलं’ म्हणाले होते. पुढे अकोल्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करून मग ती गावी परतली आणि ही दोन शटरं घेतली, तेव्हा नात्यातल्या बायका म्हणाल्या, ‘पोरीनं माती तपासायचं दुकान टाकलं.’ सोजरबाई म्हणाली, ‘टाकू द्या. तुमच्या बापाची माती आहे काय?’

भाजी उत्पादकांनी मिळून वाशीम रस्त्याला एक यार्ड बांधायला काढलं त्या वर्षीची ही गोष्ट. जागा उतरती. खालच्या बाजूला काँक्रीटची अकरा फूट उंच भिंत घालायची, तिच्या मागे भरणा करून जमीन सपाट करायची, वर मालाचे ट्रक उभे राहतील आणि भिंतीखालच्या पट्टीत किरकोळ विकणाऱ्या बायका बसतील, अशी योजना. आपल्याकडची काळी माती भिंतीमागे भरली तर पावसाळ्यात फुगून भिंतीलाच ढकलते. म्हणून भिंतीला लागून रेती भरायची असं ठरलं. यार्डाचे अध्यक्ष दौलतराव. चाळीस एकरांचे धनी, ज्योत्स्नाला फ्रॉक घालायच्या वयापासून ओळखणारे. ठेकेदार मुकेश, गोडबोल्या, तालुक्यातल्या निम्म्या कामांवर त्याचे टिप्पर फिरायचे. भिंतीचं डिझाइन अकोल्याच्या प्रसेनजित नावाच्या तरुण इंजिनिअरचं.

रेतीचा नमुना ज्योत्स्नाकडेच आला होता. तिने आधी तिच्या दोन टोकांची घनता काढली. नरसाळ्यातून अलगद ओतली तेव्हा ती सगळ्यात सैल बसली, एका घनसेंटिमीटरला १.४५ ग्रॅम. थरथरत्या टेबलावर वजनाखाली बसवली तेव्हा सगळ्यात दाट, १.७८. ही रेती जगात कुठेही भरा, या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असणार. सैल टोकाला शून्य म्हणायचं, दाट टोकाला शंभर, आणि भरलेली रेती त्या पट्टीवर कुठे बसते ती तिची सापेक्ष घनता. मग सैल आणि दाट अशा दोन्ही स्थितींत तिने कोन काढला. तीस आणि अडतीस. प्रसेनजितला फोनवर तिने बजावलंही होतं, ‘अडतीस धरायचे तर रेती पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर बसली पाहिजे. तसं नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहा.’ त्याने लिहिलं. अडतीस धरून भिंत जरा सडपातळ बसवली. यार्डवाल्यांना काँक्रीट वाचलं याचा आनंद झाला.

भिंत उभी राहिली. एका दुपारी सोजरबाई बाजारातून परत आली आणि टोपलं उतरवता उतरवता म्हणाली, ‘तुह्या त्या भिंतीमांगं रेती भरून झाली वं. दोन दिवसांत भरली. टिप्पर यायचा, धाडकन ओतायचा, जायचा.’

ज्योत्स्नाच्या हातातला घास तसाच राहिला. ‘थर करून? दाबून?’

‘कायचं दाबून? फावड्यानं वरून सपाट केली. आमाले खाली बसाले जागा भेटली, सावली हाये भिंतीची.’

‘तू त्या भिंतीखाली बसून राह्यली?’

‘मंग कुठी बसू? उन्हात?’

ज्योत्स्ना ताटावरून उठली.

यार्डावर कोणी नव्हतं. ती भिंतीमागे भरलेल्या रेतीवर चढली. पाय घोट्यापर्यंत रुतला. गाडीतली जाड सळई तिने उभी धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. ती हातभर खाली गेली, जणू खाली पिठाचं पोतं होतं. रेती किंचित ओली होती, आणि ओली रेती टिप्परमधून पडली की अजूनच पोकळ बसते; पाण्याच्या पातळ पापुद्र्याने दाणे एकमेकांना धरून अधांतरी राहतात. तिने गाडीतून सामान काढलं. वरची मोकळी रेती बाजूला सारली, एक छोटा खड्डा खणला, निघालेली रेती पिशवीत भरली आणि खड्ड्यात मोजलेली रेती सोडून त्याचं आकारमान घेतलं. असं तिने चार ठिकाणी केलं. दुकानात येऊन पिशव्या तोलल्या, वाळवल्या, पुन्हा तोलल्या. सरासरी १.५२.

हा हिशेब घनतेच्या नुसत्या वजाबाकीवर नाही, दाण्यांमधल्या पोकळीवर चालतो. तिने तो दोनदा केला. पंचवीस टक्के आले. पाहिजे होते पंच्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी मुकेश स्वतःच दुकानात आला, पेढ्यांचा पुडा घेऊन.

‘मॅडम, ऐकलं की तुमी साइटवर जाऊन आल्या. सांगतलं असतं तर चहा ठेवला असता.’

‘रेती काढा. पूर्ण काढा आणि थराथराने भरा. एक वीत रेती टाकायची, प्लेट व्हायब्रेटर फिरवायचा, मी तपासणार, मग पुढचा थर.’

मुकेश हसला. ‘किती आली घनता?’

‘एक पॉइंट बावन्न.’

त्याने मोबाईल काढला, भागाकार केला आणि पडदा तिच्यापुढे धरला. ‘हे पाहा. तुमचीच जास्तीत जास्त एक पॉइंट अठ्ठ्याहत्तर. म्हंजे आमची पंच्याऐंशी टक्के दबाई झाली. पंच्याऐंशी टक्के म्हंजे डिस्टिंक्शन हो मॅडम!’

ज्योत्स्ना उभी राहिली. शेजारच्या कृषी केंद्रातला माणूस दारात आला.

‘आता हाच भागाकार माझ्या सगळ्यात सैल रेतीचा करा. अलगद ओतलेली, कोणी हात न लावलेली. एक पॉइंट पंचेचाळीस. करा ना, काहून थांबले?’

मुकेशने केला. पडद्यावर एक्याऐंशी आले.

‘काहीच न करता एक्याऐंशी मिळतात, मुकेशभाऊ! ढ पोराने कोरा पेपर दिला तरी एक्याऐंशी! तुम्ही चार मार्क कमावले आणि मला डिस्टिंक्शन दाखवता? माझी आई बसते त्या भिंतीखाली. उचला तो पुडा.’

मुकेशने पुडा उचलला. जाताना म्हणाला, ‘रेती रेतीच असते मॅडम. तुमच्याच रिपोर्टात अडतीस लिहून आहे. आता बदलून राह्यला काय?’

तिला सगळ्यात जास्त राग या शेवटच्या वाक्याचा आला होता. अडतीस हा काही रेतीचा जन्मजात गुण नव्हता. तो कमवावा लागतो. भरणाऱ्याने घाम गाळला तर रेती अडतीसची, नाहीतर तीसची.

तिने दौलतरावांना फोन लावला आणि समितीची बैठक मागितली. बैठक यार्डाच्या टिनाखाली भरली. प्रसेनजितही अकोल्याहून आला. दौलतराव सुरुवातीलाच म्हणाले, ‘हे पाह्य पोरी, दिवाळीच्या आत यार्ड चालू करनं आहे. भिंत उभी आहे. तडा नाई, काई नाई. तू कायले बोंबलून राह्यली?’

‘वर अजून ट्रक आला नाही काका, म्हणून उभी आहे.’

समितीत बहुतेक शेतकरी. तिने कोणाच्या तरी घरून जुनी पायली आणि तूर मागवली. पायलीत तूर अलगद ओतली, काठाशी सपाट केली. ‘भरली?’

‘भरली.’

मग तिने पायली फरशीवर चार-पाचदा आपटली. तूर बोटभर खाली बसली. म्हातारे हसले, वजनकाटे येण्याआधी माल घेताना व्यापारी पायली कशी हलवायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

‘दाणे तेच आहेत,’ ज्योत्स्ना म्हणाली. ‘आधी मोकळे होते, आता एकमेकांत अडकले. आता यांना ढकलून पाहा. मुकेशभाऊंनी तुमची पायली अलगद भरली आणि पैसे आपटून भरल्याचे लावले. आपटलेली रेती स्वतःला सावरते, भिंतीवर कमी रेलते. अलगद ओतलेली सगळी भिंतीच्या अंगावर येते.’

‘थोडंफार कमी-जास्त होतच राह्यते,’ मुकेश म्हणाला. ‘डिझाइनवाले मार्जिन ठेवतात. का हो साहेब?’

सगळे प्रसेनजितकडे पाहू लागले. तो म्हणाला, ‘म्हणजे... थोडं मार्जिन असतं, तसं.’

ज्योत्स्ना त्याच्यावर वळली. ‘थोडं म्हणजे किती? तुम्ही शिकलेले आहात ना? आकडा सांगा! इथल्या लोकांना ‘तसं’ म्हणून घरी पाठवू नका.’

प्रसेनजितचा चेहरा लाल झाला. त्याने खिशातून पेन काढलं आणि पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. मग त्याने मान वर केली, आणि आता त्याचा आवाज वेगळा होता.

‘तीस अंश धरला तर नुसत्या रेतीचा रेटा पाव पटीने वाढतो. सैल रेती वजनाला हलकी असते ते धरूनसुद्धा. आणि वर ट्रक उभे राहिले की त्यांच्या वजनाचा भिंतीवरचा रेटा चाळीस टक्क्यांनी वाढतो. माझं मार्जिन त्यात संपतं. ट्रकच्या हादऱ्याने सैल रेती खचणार ते वेगळंच.’ तो दौलतरावांकडे वळला. ‘या भरण्यावर ट्रक चढवायचा असेल तर नकाशावरची माझी सही मी काढून घेतो. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे.’

समितीत कुजबुज झाली. दौलतराव मुकेशकडे पाहत म्हणाले, ‘मंग दाबून दे बाबा. आमाले झगडा नाई पाह्यजे.’

‘देतो ना. आठवड्यात रेती बसवून देतो,’ मुकेश म्हणाला.

‘काढून, थराने,’ ज्योत्स्ना म्हणाली.

‘हो हो, बसवून देतो.’

त्या ‘बसवून’ शब्दाकडे तेव्हा तिने लक्ष दिलं नाही, याचा राग तिला पुढे बराच काळ स्वतःवरच होता.

चार दिवसांनी सकाळी तिचा फोन वाजला. सोजरबाई भिंतीखालूनच बोलत होती. ‘ज्योती, यायनं वरून पाइप लावले. मोटर चालू हाये. रेतीत पानी सोडून राह्यले. अन् भिंतीच्या सांध्यातून पानी ठिपकून राह्यलं.’

‘माय, उठ तिथून. आत्ता उठ.’

‘माल मांडेल हाये ना.’

‘उठ म्हणते ना!’

पाणी सोडलं की रेती बसते, हे गवंड्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते पूर्ण खोटंही नाही. ओलसर रेतीचे पापुद्रे मोडतात, ती थोडी खाली बसते. पण हादऱ्याशिवाय दाट होत नाही. फार तर मधल्या अवस्थेला येते. आणि तोवर ते सगळं पाणी भिंतीच्या पाठीशी उभं राहतं आणि रेतीपेक्षा जोराने ढकलतं. म्हणून तर भिंतीत पाणी निघायची भोकं ठेवतात. ज्योत्स्ना स्कूटीवरून पोचली तेव्हा तिने आधी ती भोकं पाहिली. एकातूनही थेंब येत नव्हता. काँक्रीट ओततानाचा सिमेंटचा पातळ लगदा आत सुकून बसला होता आणि तो कोणी काढलाच नव्हता.

मग तिने भिंतीचा मधला सांधा पाहिला. दोन तुकडे परवापर्यंत एका रेषेत होते. आता एक तुकडा माथ्याला दोन बोटं पुढे आला होता. आणि खाली बायका बसल्या होत्या, रांगेने, टोपल्या मांडून. सोजरबाईसुद्धा.

ज्योत्स्ना धावत वर गेली आणि मोटर बंद केली. तिथे बसलेला मुकेशचा मुकादम ‘ओ मॅडम, शेठले विचारा’ म्हणाला. तिने त्याला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. मग ती खाली आली.

‘उठा! सगळ्या उठा! भिंत सरकली आहे!’

बायकांनी वर पाहिलं. भिंत तशीच उभी दिसत होती. एक म्हणाली, ‘आत्ताच भवनी झाली बाई.’ दुसरी जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. सकाळचं गिऱ्हाईक सोडून कोण उठतं?

ज्योत्स्नाचा आवाज फाटला. तेवढ्यात सोजरबाई उभी राहिली. तिने आपलं वांग्यांचं टोपलं दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ रस्त्याच्या पलीकडे नेऊन उपडं केलं. वांगी गडगडत गेली. मग ती परत वळून ओरडली, ‘माही पोरगी काय रिकामी हाये काय? मी माह्या वांग्याले लात मारली, तुमी सांभार धरून बसल्या! उठता का नाई?’

त्या उठल्या. कोणी टोपलं घेऊन, कोणी फडकं चारी टोकांनी धरून, शिव्या देत. कोणाला देत होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. पट्टी रिकामी झाली.

मुकेश गाडीतून उतरला तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. त्याने सांधा पाहिला आणि त्याचा रंग उतरला. वळून तो एका मजुराला म्हणाला, ‘जाय रे, सळई घे अन् ती भोकं मोकळी कर. पानी निघून जाईन.’

मजूर निघाला. ज्योत्स्ना त्याच्यासमोर आडवी उभी राहिली.

‘खाली कोनी जानार नाई,’ ती म्हणाली. वर्षानुवर्षं शिकून घेतलेली पुस्तकी भाषा गळून पडली होती. ‘तुह्या चुकीपायी त्याचा जीव कायले? तू जातं का? जाय मंग. मी बाजूला होते.’

मुकेश गेला नाही. कोणीच गेलं नाही. तिने प्रसेनजितला फोन लावला. तो म्हणाला, खालची बाजू पूर्ण बंद ठेवा, पाणी सांध्यातून निघेल तेवढं निघू द्या आणि पोकलेन लांब उभं करून मागची रेती वरून उतरवा. पोकलेन आलं. संध्याकाळपर्यंत ते लांब हाताने ओली रेती उचलत राहिलं आणि ज्योत्स्ना रस्त्याच्या कडेला उभी राहून कोणी दोरी ओलांडतं का पाहत राहिली. दौलतराव आले, बघितलं, खाकरले. ‘बरं झालं कोनी खाली नव्हतं.’

‘होत्या,’ ती म्हणाली. ‘सगळ्या होत्या.’

भिंत पडली नाही. पुढे सरकलेला तुकडा आणि त्याच्या शेजारचा, असे दोन तुकडे प्रसेनजितने तोडायला लावले. उरलेल्या भिंतीची तळाची बाजू उघडून तपासली. पहिले काही दिवस मुकेश म्हणत होता की काळी माती सरकली, मग म्हणाला की डिझाइन सडपातळ होतं. पण भरणा वाईट नाही असं म्हणणारा एकही माणूस त्याला मिळेना. बायकांनी गावभर सांगून ठेवलं होतं. शेवटी दोन्ही तुकडे त्याने स्वखर्चाने पुन्हा उभे केले आणि सगळी रेती नव्याने भरली.

या वेळी एका वितीचा थर पडायचा आणि त्यावरून थरथरून रेती बसवणारा प्लेट व्हायब्रेटर गुरगुरत फिरायचा. एकदा मुकेशच्या माणसांनी वेळ वाचवायला मोठा रोलर आणला. ज्योत्स्नाने तो भिंतीपासून लांबच थांबवला. जड रोलर भिंतीजवळ फिरवला तर रेती दाबता दाबता भिंतच ढकलली जाते. भिंतीलगतच्या पट्टीत छोटंच यंत्र चालायचं. प्रत्येक थरावर ती खड्डा खणायची, तोलायची. १.६९ यायचे, १.७० यायचे. पट्टीवर सत्त्याहत्तर, एकोणऐंशी. एका थराला १.६१ आले. तो तिने पुन्हा फिरवायला लावला. मुकादम कुरकुरला, ‘इतक्यानं काय होते?’ ती म्हणाली, ‘पन्नास टक्क्यांनी पास करायला ही काय शाळा आहे?’ आणि सळई त्याच्या हातात दिली. फिरवल्यावर त्याने दाबून पाहिली. चार बोटं गेली आणि अडली.

दिवाळीनंतर यार्ड सुरू झालं. मंडप, लाउडस्पीकर, हार. दौलतरावांनी भाषणात सांगितलं की अडचणी आल्या पण ठेकेदार मुकेशभाऊंनी जिद्दीने काम पूर्ण केलं, आणि त्याला शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. ज्योत्स्ना मागे उभी होती. प्रसेनजित तिच्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, ‘जाऊ द्या मॅडम.’

‘का जाऊ द्या?’ ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या चार रांगांनी मागे वळून पाहिलं. मंचावरच्या दौलतरावांनीही पाहिलं, आणि पटकन खाली माईककडे. ती तशीच निघून गेली.

त्या हंगामात तिच्याकडची कामं कमी झाली. मुकेशने कोणाला काय सांगितलं ते तिला कळत होतं. ठेकेदार आपले नमुने वाशीमला पाठवू लागले. थरथरतं टेबल आठवडाभर बंद राहायचं. प्रसेनजितने अकोल्याहून काही कामं पाठवली, मेडशीकडच्या एका पुलाच्या कामाचा इंजिनिअर स्वतःहून येऊन गेला. दुकान बंद पडलं नाही, एवढंच. कोणी चुकून माफी मागितली असती तर तिचा राग निवला असता का, हे सांगता येत नाही. कोणी मागितली नाही.

आणि घरात वेगळाच तंटा उभा राहिला. यार्ड चालू झालं, बायका भिंतीखाली परत बसू लागल्या, पण सोजरबाई रस्त्यापलीकडे उन्हातच बसायची.

‘माय, आता भिंत पक्की आहे. मी स्वतः तपासली आहे. प्रत्येक थर!’

‘असंन.’

‘मग काहून उन्हात बसून राह्यली?’

‘मी पाह्यली ती भिंत सरकताना. माह्यं डोकं तुह्या आकड्यावर नाई चालत.’

‘तीच रेती आता अडतीसवर उभी आहे, माय! आधी तीसवर होती!’

‘तू चिल्लावू नको. अडतीस असो का अडतीसशे.’

ज्योत्स्नाला आईचा इतका राग आला की दोन दिवस ती तिच्याशी बोलली नाही. मुकेशने, दौलतरावांनी, सरांनी विश्वास ठेवला नाही ते एक. पण हिने वांग्यांना लाथ मारून विश्वास ठेवला होता, आणि आता तीच मान हलवत होती.

तिसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. सकाळीच ज्योत्स्नाने दारातलं टोपलं उचललं. सोजरबाई ‘अवं, कुठी नेतं?’ म्हणत मागे आली. ज्योत्स्ना सरळ यार्डावर गेली, भिंतीच्या बरोबर मध्ये, नव्या सांध्याखाली, फडकं अंथरलं, वांगी मांडली आणि पाठ भिंतीला टेकवून बसली. वर ट्रक लागत होते. त्यांची घरघर काँक्रीटमधून तिच्या पाठीला कळत होती.

पहिलं गिऱ्हाईक आलं. ‘कसे दिले?’

तिने भाव सांगितला.

‘जरा कमी करा ना बाई.’

‘नाही होणार,’ ती अशा आवाजात म्हणाली की त्या माणसाने मुकाट्याने पिशवी पुढे केली. रस्त्यापलीकडे सोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. थोडा वेळ पाहून ती ओरडली, ‘अवं, अशानं गिऱ्हाईक पळून जाईन! सरक तिकडं,’ आणि पदर खोचत रस्ता ओलांडू लागली.